रमजान सुरू होताना अरबी सहकाऱ्यांना काय लिहावं? आणि ते उत्तर देतील त्यावर काय म्हणावं?

कुंदकळी

मंडळी, मदत हवी आहे. पुण्यात बसून पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरचं काम करते. आमच्या टीममधल्या दोघांशी माझा रोजचा संबंध येतो. एक बाई कैरोला असतात, माझ्यापेक्षा बऱ्याच सीनियर. दुसरे गृहस्थ रियाधला. दोघंही मुस्लिम आहेत आणि दोघंही दिवाळीला न चुकता मेसेज करतात, तोही "हॅपी दिवाली" असा नीट.

मागच्या वर्षी रमजान लागला तेव्हा मी नेटवरून एक कंदिलाचं चित्र उचललं, त्यावर आमच्या डिझाइनवाल्या मुलाकडून अरबीत शुभेच्छा टाकून घेतल्या आणि ग्रुपवर पाठवलं. दोघांनी "थँक यू" म्हटलं, विषय संपला. चार महिन्यांनी दुसऱ्या प्रोजेक्टमधला एक जण हसत हसत म्हणाला, "ते तुमचं अरबी उलटं लिहिलं होतं आणि अक्षरं सुटी सुटी होती." मेल्याहून मेल्यासारखं झालं!

पुढच्या आठवड्यात रमजान सुरू होतोय. या वेळी चित्र नाही, दोन ओळीच पाठवणार आहे, पण बरोबर पाठवायच्या आहेत. नेमकं काय लिहू? त्यांचं उत्तर काय येईल? त्यावर मी परत काही म्हणायचं की गप्प बसायचं? आणि त्यांनीच आधी शुभेच्छा दिल्या तर? ऑफिसचा ग्रुप आहे, त्यामुळे फार धार्मिकही नको आणि फार गळ्यात पडल्यासारखंही नको.

उपाशी_बोका

सोप्पं आहे. ईद मुबारक म्हणा आणि शीरखुर्मा कधी ते विचारा. आमच्या कॅम्पातल्या ऑफिसात मी दर वर्षी हेच करतो, दर वर्षी डबा येतो.

कुंदकळी

बोकोबा, ईद महिना संपल्यावर. मी महिना सुरू होताना काय म्हणायचं ते विचारतेय.

उपाशी_बोका

बरं बरं. मग मी तीस दिवसांनी येतो.

भाषावेडा

सगळ्यात आधी, "रमजान" म्हणणं थांबवा. मूळ अरबी उच्चार "रमदान" आहे, "रमजान" हा आपल्याकडचा अपभ्रंश. शुभेच्छा एकच, "रमदान करीम". उत्तर येतं "अल्लाहु अकरम". मोरोक्कोपासून मस्कतपर्यंत हेच चालतं. पाठ करा, काम झालं.

मस्कतकर

भाषावेडा, तुम्ही दिलेली जोडी बरोबर आहे, पण बाकीचं अर्धंच. मी चोवीस वर्षं आखातात हिशेबनीस होतो. आधी मस्कत, मग रियाध, शेवटी पुन्हा मस्कत. थोडं सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नात मी स्वतः बरीच वर्षं चुकलो आहे.

उच्चाराचं आधी उरकू. अरबीतलं ते अक्षर जाड "द"सारखं उच्चारतात, फारसीत आणि उर्दूत तेच "ज़" होतं. आपल्याकडे शब्द फारसीकडून आला, म्हणून रमजान. यात अपभ्रंश वगैरे काही नाही. मराठीत बोलताना रमजान म्हणा, कैरोच्या बाईंशी बोलताना रमदान म्हणा.

आता मुख्य गोष्ट. अरबीत शुभेच्छेचं उत्तर शुभेच्छेतल्याच शब्दातून निघतं. समोरच्याने टाकलेला शब्द उचलायचा, थोडा वाढवायचा आणि परत करायचा. "सलाम अलैकुम"ला "व अलैकुम सलाम" म्हणतात, ते आपल्या सगळ्यांच्या कानावर असतं. तीच रीत पुढेही. "रमदान करीम" म्हणजे रमजान उदार आहे. त्याचं उत्तर "अल्लाहु अकरम", म्हणजे अल्ला त्याहून उदार. करीमचंच अकरम झालं. "रमदान मुबारक" म्हटलं की "अल्लाह यिबारिक फीक", म्हणजे अल्ला तुला बरकत देवो. आपल्या दुकानदाराची "धंद्याला बरकत" हीच, मुबारक आणि बरकत एकाच धातूचे. बाईंना म्हणताना "फीकी" होतं, आणि अनेकांना किंवा मान देऊन एकाला "फीकुम".

म्हणून "मुबारक" असं कोणी म्हटलं आणि तुम्ही "अल्लाहु अकरम" म्हणालात, तर ते जरा बेसूर वाटतं. कोणी रागवत नाही, पण पाठ केलेलं आहे हे लगेच कळतं. मी पहिली तीन वर्षं प्रत्येकाला अकरमच म्हणत होतो. माझा साहेब ओमानी, फार सभ्य माणूस, एकदा हसून म्हणाला, "तुझ्याकडे एकाच कुलपाची किल्ली आहे."

तिसरी शुभेच्छा म्हणजे "कुल्ल आम व अन्तुम बिखैर". दर वर्षी तुम्ही खुशाल असा, एवढाच अर्थ. उत्तर "व अन्तुम बिखैर", तुम्हीही खुशाल असा. ही रमजानला चालते, ईदला चालते, नव्या वर्षाला चालते, वाढदिवसालाही चालते. तीत देवाचं नाव नाही, उपवासाचा उल्लेख नाही. कुंदकळी, ऑफिसच्या ग्रुपसाठी माझं मत हिलाच.

टेबलाखालचा

कुल्ल आम! देवगडात राहतो, मला वाटलं सगळे आंबे.

मस्कतकर

हो, आंबेच. पण यातला "आम" घशातून काढावा लागतो. त्याचा अर्थ वर्ष. आणि "खैर" तुम्हाला नवा नाही. "आता तुझी खैर नाही" म्हणतो ना आपण? तोच शब्द. फक्त इथे खैर आहे.

टेबलाखालचा

आता माझी फजिती ऐका. दोहाला नवा गेलो होतो. लिफ्टमध्ये एक जण म्हणाला रमदान करीम. मला एवढं पक्कं आठवत होतं की उत्तर "अल्लाहु अक..." असं काहीतरी आहे. तोंडातून मोठ्याने निघालं अल्लाहु अकबर. लिफ्टमध्ये सात माणसं होती. एकाने दचकून फोन खिशात टाकला. मग सगळे हसायला लागले, ते थेट नवव्या मजल्यापर्यंत.

भाषावेडा

घाट तोच आहे म्हणून गोंधळ होतो. करीमवरून अकरम, तसं कबीरवरून अकबर.

मस्कतकर, तुमचं मान्य. पण एक शंका. मी वाचलंय की "रमदान करीम" म्हणणं धर्माला मान्यच नाही. मग ते म्हणावं तरी का?

मस्कतकर

"मान्यच नाही" हे फार झालं. सौदीतल्या काही धर्मपंडितांनी आक्षेप घेतला आहे तो असा, की रमजान हा महिना, तो स्वतः काही देत नाही, देणारा अल्ला. म्हणून "करीम" नको, "मुबारक" म्हणा. उलट इजिप्तमध्ये दुकानाच्या पाट्यांपासून बँकेच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे करीमच दिसेल. माझ्या रियाधच्या ऑफिसात दोन जण कटाक्षाने मुबारकच म्हणायचे, बाकीच्यांना काही फरक पडत नव्हता. रियाधचे गृहस्थ कोणत्या बाजूचे आहेत हे ठाऊक नसेल, तर मुबारक लिहावं. त्यावर आक्षेप घेणारा मला अजून भेटलेला नाही.

हर्णैची

मी कोकणी मुसलमान, ठाण्याला नोकरी करते. मला एक वेगळंच सांगायचंय.

आमच्या घरी चंद्र दिसला की "चाँद मुबारक" म्हणतात, मग "रमजान मुबारक". चुलते कुवेतला होते, त्यांचे फोन आले की तेवढं अरबी ऐकू यायचं. मागच्या वर्षी माझ्या मॅनेजरने मला मेल पाठवला, पूर्ण अरबीत. उजवीकडून डावीकडे, चार ओळी. मला कुराण वाचता येतं, त्यामुळे अक्षरं लागली, पण अर्थ मला आमच्या मौलवींना विचारावा लागला! माणूस चांगला आहे, मनापासून पाठवलं होतं. पण मला हसू आलं आणि थोडं परकंही वाटलं. मी मराठी शाळेत शिकलेय हो. तुम्ही नुसतं "रमजानच्या शुभेच्छा" म्हणालात तरी मला पोचतं.

कुंदकळी, तुझे लोक अरब आहेत, तुझं ठीक आहे. पण हा धागा वाचून कोणी शेजारच्या टेबलावरच्या शेखला अरबी ऐकवायला जाईल, म्हणून लिहिलं.

कुंदकळी

हर्णैची, बरं झालं लिहिलंस. माझ्या शेजारच्या टेबलावर खरंच सोलापूरची एक मुलगी आहे, आणि मी तिलाही तेच फॉरवर्ड करणार होते.

हर्णैची

😄 तिला मराठीत दे. आणि एक दिवस थांबून दे.

कुंदकळी

एक दिवस थांबून का?

मस्कतकर

चंद्रामुळे. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याची २९ तारीख आली की संध्याकाळी चंद्र बघतात. दिसला तर दुसऱ्या दिवशी रोजा, नाही दिसला तर शाबानचे ३० दिवस पूर्ण करायचे. प्रत्येक देश आपापलं जाहीर करतो. इजिप्तमध्ये हे काम दार अल्-इफ्ता या धर्मनिर्णय देणाऱ्या सरकारी संस्थेचं. २०२४ मध्ये सौदी आणि इजिप्तमध्ये पहिला रोजा ११ मार्चला होता, आमच्या मस्कतला आणि भारतात १२ मार्चला. २०२५ मध्ये सौदीत १ मार्च, भारतात २ मार्च. भारत बहुतेक वेळा एक दिवस मागे असतो, पण कोण कोणाच्या बरोबर हे दर वर्षी ठरलेलं नसतं.

त्यामुळे कॅलेंडरमध्ये बघून आदल्या दुपारी मेसेज शेड्यूल करून ठेवू नका. मी एकदा ठेवला होता. चंद्र दिसला नाही, आणि माझा "महिना मुबारक" शाबानच्या तिसाव्या दिवशी सकाळी सात वाजता सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये. त्या लोकांची जाहीर झाल्याची बातमी आली की त्या रात्री किंवा पहिल्या दिवशी सकाळी पाठवा. उशीर झाला तरी बिघडत नाही, पहिला आठवडाभर लोक एकमेकांना म्हणतच असतात. घाई मात्र चुकते.

दुबईकरीण

माझा अनुभव जोडते. आमच्या बॉसचं नाव अरबी, बोलणं अरबी, लेबनॉनचा. मी त्याला वेगळा मेसेज केला रमदान मुबारक म्हणून. तो ख्रिश्चन निघाला. त्याने फार गोड उत्तर दिलं, "तुलाही, आणि ईस्टरला विसरू नकोस." पण मला लाज वाटली. कुंदकळीला तिच्या दोघांचं माहीत आहे, पण ग्रुपमध्ये आणखी कोणी असेल तर?

मस्कतकर

म्हणून ग्रुपवर सगळ्यांना मिळून द्यावी. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिश्चनही मुसलमान शेजाऱ्यांना हीच शुभेच्छा देतात, त्यामुळे ग्रुपवर वाचताना त्यांना काही वाटत नाही. वैयक्तिक मेसेज मात्र खात्री असेल त्यालाच.

कुंदकळी

बरं, कच्चा मसुदा टाकते. फोनवर उर्दूचा कीबोर्ड होता, त्यावरून टाइप केलं.

```
رمضان المبارک
کل عام وانت بخیر
```

तपासा आणि मारा.

नुक्तावाली

मी अनुवादाचं काम करते, अरबीवरून इंग्रजीत. मारत नाही, पण तीन गोष्टी आहेत.

पहिली ओळ घे. तू "अल्-मुबारक" लिहिलंयस. उर्दूत "रमजान-उल-मुबारक" शुभेच्छेसारखं वापरतात, अरबीत ते महिन्याचं बिरूद होतं. आपण "श्रावण मास" म्हणतो तसं "पवित्र रमजान" एवढंच. वाचणारा पुढच्या शब्दाची वाट बघत बसेल. शुभेच्छा हवी तर "अल्" काढ.

दुसरी गोष्ट उर्दू कीबोर्डची. त्याचा "क" वेगळा असतो. शब्दाच्या सुरुवातीला फरक फारसा दिसत नाही, पण शेवटी चटकन दिसतो. मुबारकच्या शेवटी बघ. अरबी "क"च्या पोटात एक छोटी खूण असते, उर्दूवाल्याच्या पोटात काही नसतं, वर तिरकी रेघ जाते.

```
ك  U+0643  अरबी
ک  U+06A9  उर्दू, फारसी
```

"बिखैर"मधला "य"ही तसाच दुसऱ्या कीबोर्डचा आलाय, फक्त शब्दाच्या मध्ये असल्यामुळे डोळ्याला कळत नाही. कैरोच्या बाई हे वाचू शकतील, चूक धरणारही नाहीत, पण कराचीहून आल्यासारखं दिसेल. फोनच्या सेटिंगमध्ये अरबी भाषेचा कीबोर्ड जोड, दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरं म्हणजे "अन्त". ते एकवचन झालं, तू. बाईंना बोलताना उच्चार "अन्ती", पुरुषाला "अन्त", पण प्रमाण अरबीत स्वरचिन्हं न देता लिहिलं की दोन्ही सारखंच दिसतं. तुझ्याकडे दोन माणसं आहेत, शिवाय बाई सीनियर. "अन्तुम" लिही. आपल्या "तुम्ही"सारखंच, अनेकांनाही लागतं आणि मानालाही.

```
رمضان مبارك
كل عام وأنتم بخير
```

हे टाइप करून बघ. आणि हो, मागच्या वर्षीचं चित्र का बिघडलं तेही सांगते. काही डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अरबीची सोय वेगळी चालू करावी लागते. नाही केली तर ते अक्षरं डावीकडून मांडतं आणि एकमेकांना जोडत नाही. ओळखायची खूण अशी, की अरबी शब्द साधारण एका ओघात लिहिलेला दिसतो. प्रत्येक अक्षर शेजाऱ्यापासून फटकून उभं असेल, तर काहीतरी बिघडलंय. मात्र काही अक्षरं मुळातच पुढच्याला जोडली जात नाहीत, "र" आणि "अलिफ" त्यातलेच, म्हणून रमदानमध्ये एक-दोन फटी असणारच. त्या बघून घाबरू नकोस.

कुंदकळी

टाइप केलं. मेलमध्ये शेवटी उद्गारचिन्ह टाकलं तर ते भलत्या बाजूला उडी मारतंय.

नुक्तावाली

इंग्रजी ओळीत अरबी घुसवलंस की असंच होतं. चिन्हाला कळत नाही कोणत्या घरचं. अरबी आपापल्या ओळीवर एकटं ठेव, चिन्ह नकोच. इंग्रजी खाली नव्या ओळीवर.

कुंदकळी

इंग्रजीत खाली काय लिहू? मी लिहिलं होतं की तुमचे उपवास सुखाचे जावोत, आणि तुम्हाला त्रास नको म्हणून संध्याकाळची मीटिंग पुढे ढकलू का.

दुबईकरीण

उपवासाचं काढ. आमच्या ऑफिसात एक जण दर वर्षी प्रत्येकाला विचारायचा, "तुझा रोजा आहे का?" पाळी असेल, गरोदर असेल, मधुमेह असेल, प्रवासात असेल, तर बाई रोजा ठेवेलच असं नाही. ते ऑफिसात सांगायचं असतं का? शुभेच्छा महिन्याच्या असतात. म्हणून तर वर आलेल्या एकाही शुभेच्छेत उपवास हा शब्द नाही.

भाषावेडा

एक आहे की, "तकब्बल अल्लाह सियामकुम". तुमचे रोजे अल्ला कबूल करो. तेही लिहिता येईल.

मस्कतकर

ते काम झाल्यावर म्हणतात, म्हणजे महिन्याच्या शेवटी, ईदला जास्त. पहिल्याच दिवशी म्हणणं म्हणजे परीक्षेला बसायच्या आधी निकालाबद्दल बोलणं. आणि मुसलमान मुसलमानाला म्हणतो तेव्हा ते जास्त शोभतं.

मीटिंगचं म्हणाल तर विचार चांगला, पण शुभेच्छेच्या मेलमध्ये नको. शुभेच्छेला कामाची शेपटी लावली की वाचणारा शेपटीलाच उत्तर देतो. दुसऱ्या दिवशी वेगळं लिहा. तुमची मीटिंग किती वाजता?

कुंदकळी

आपल्या साडेसहाला.

मस्कतकर

म्हणजे कैरोत दुपारचे तीन, रियाधला चार. सौदीत रमजानमध्ये मुस्लिम कर्मचाऱ्यांना दिवसाला सहाच तास काम, तुमचे रियाधवाले चारला ऑफिसात असतीलच असं नाही. चार ते सहा हा रोज्यातला सगळ्यात थकलेला वेळ. मार्चच्या आसपास तिथे इफ्तार सहाच्या सुमाराला, म्हणजे आपले साडेआठ. मीटिंग पुढे नका ढकलू, अलीकडे ओढा. आपल्या दीड-दोनला घ्या, कैरोत तेव्हा साडेदहाच्या आसपास असतील. आणि विचारा "या महिन्यात ही वेळ सोयीची पडेल का", कारण देऊ नका. कारण त्यांना माहीत आहे.

टेबलाखालचा

आता माझी खरी शंका, भांडणासाठी नाही. मी हिंदू माणूस. "अल्लाहु अकरम" किंवा "अल्लाह यिबारिक" मी म्हणावं का? लिफ्टच्या प्रसंगानंतर मी नुसतं "थँक यू, सेम टू यू" म्हणतो.

नुक्तावाली

अरबी बोलणारे ख्रिश्चनही देवाला अल्लाच म्हणतात. त्या भाषेत देवाला तोच शब्द आहे. ते एक बोलायचं वळण आहे, आपण "देव भलं करो" म्हणतो तसं.

भाषावेडा

ते भाषेचं झालं. मनाचं वेगळं असतं. मला नाही म्हणवत, आणि त्यात गैर काही वाटत नाही.

हर्णैची

मी ऑफिसात गणपतीच्या आरतीला उभी राहते, प्रसाद घेते, पण आरती म्हणत नाही. कोणी मला विचारलेलं नाही. तसंच आहे हे. नाही म्हणायचं तर "व अन्तुम बिखैर" आहे की.

मस्कतकर

फक्त एक. तुम्हाला कोणी "रमदान मुबारक" म्हटलं आणि यातलं काहीच म्हणायचं नसेल, तर आखातात "अलैना व अलैकुम" म्हणतात, आम्हाला आणि तुम्हाला. तिथले लोक मुळात म्हणतातच "मुबारक अलैकुम अश्शहर", महिना तुम्हाला मुबारक. त्या "अलैकुम"चंच हे उत्तर. देवाचं नाव नाही आणि कोरडंही नाही. पण मुसलमानेतर माणसाने "आम्हाला" म्हणावं का, यावर माझ्या दोन मित्रांचा वाद झाला होता, तो मिटलेला नाही.

दुबईकरीण

मी म्हणते. आम्हालाही दोन तास लवकर सुट्टी मिळते, इथे कायद्याने सगळ्यांनाच, मग आम्हाला मुबारक नाही का?

कुंदकळी

शेवटची शंका. समजा त्या बाईंनीच आधी लिहिलं तर? आणि माझ्या शुभेच्छेला त्यांचं उत्तर आलं, तर मी परत काही लिहायचं का?

नुक्तावाली

उत्तर आलं की चेंडू तुझ्याकडे नाही. एखादा इमोजी दे आणि सोड.

त्यांनी आधी लिहिलं, तर इजिप्तची बाई बहुतेक प्रमाण अरबीत लिहिणार नाही. त्यांचं बोलीतलं "कुल्ल सना विन्ती तय्यिबा" येईल. सना म्हणजे वर्षच, तय्यिबा म्हणजे चांगली, बरी. पुरुषाला "विन्ता तय्यिब". तू बाईंना उत्तर देशील "विन्ती तय्यिबा". पुन्हा तोच नियम, शेपूट पकडायचं. लिहिताना असं:

```
وانتي طيبة
```

"अन्ती"च्या शेवटी त्या "य" लावतात. पुस्तकी अरबीत तो नसतो, मेसेजमध्ये असतोच. शुद्धलेखन दुरुस्त करायला जाऊ नकोस.

कुंदकळी

(नऊ दिवसांनी)

परत आले. काल रात्री बातमी बघितली, जाहीर झाल्यावर मगच पाठवलं. दोन ओळी अरबी, खाली इंग्रजीत एक ओळ, "तुम्हाला आणि घरच्यांना हा महिना छान जावो". बस.

कैरोच्या बाईंचं वीस मिनिटांत आलं. "व इन्ती तय्यिबा", पुढे "या रब", आणि इंग्रजीत, हे तू स्वतः टाइप केलंस का? मी हो म्हटलं. त्यांनी माझा मेसेज त्यांच्या आईला दाखवला म्हणे. मागच्या वर्षीच्या चित्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

सोलापूरच्या मुलीला आज सकाळी मराठीत म्हटलं. ती म्हणाली, आमचा चाँद अजून व्हायचाय, आज रात्री. हर्णैची, तू एक दिवस थांब म्हणाली होतीस आणि मी तरीही घाई केली. उद्या परत म्हणते.

आता एक अडलंय. रियाधच्या गृहस्थांनी आवाजाचा मेसेज पाठवला. नीट ऐकला चार वेळा. "व अन्तुम बिखैर" कळलं, अगदी आनंद झाला. पण त्याच्या पुढे "यिनआद अलैकुम" असं काहीतरी म्हणतात. ते काय?

मस्कतकर

"तुमच्यावर पुन्हा येवो." हा दिवस तुम्हाला पुन्हा पुन्हा लाभो, असं. त्यावर काही म्हणायची गरज नाही, चेंडू त्यांनीच खाली ठेवला आहे. पण हे बोलणं सौदीपेक्षा शाम प्रदेशात जास्त ऐकू येतं. सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाइन. गृहस्थ मूळचे रियाधचे नसावेत.

कुंदकळी

विचारलं. अम्मानचे निघाले! सव्वा वर्ष मी त्यांना सौदी समजत होते.

उपाशी_बोका

अजून किती दिवस राहिले?